आय-स्क्वेअर ६९ टक्के, पण फरक किती?

नैराश्यावरच्या मानसोपचार चाचण्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस हातात घेतलं की फॉरेस्ट प्लॉटखालचा आय-स्क्वेअर बघून कुणीतरी २५-५०-७५ चा हिशेब मांडतंच. माझे गाईड तर "७५ च्या वर? मग एकत्र करू नका" म्हणून फाइल परत करायचे. हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते आकडे निव्वळ ढोबळ म्हणून दिले होते. त्यांवर निर्णय घेणं हा आळस आहे, असं माझं स्पष्ट मत.

आय-स्क्वेअर परिणामांतला फरक मोजत नाही. दिसणाऱ्या एकूण फरकातला किती हिस्सा खरा आणि किती नमुन्याच्या योगायोगाचा, एवढंच तो सांगतो. एक बनवलेलं उदाहरण घ्या: २० चाचण्या, सरासरी हेजेस जी ०.६०, टाऊ ०.३०. प्रत्येक चाचणीत ४० माणसं असतील तर आय-स्क्वेअर साधारण ४७ टक्के येईल, १०० असतील तर ६९, ४०० असतील तर ९०. टाऊ तिन्हीकडे तोच. म्हणजे चाचण्यांमधला खरा फरक तसूभरही हललेला नाही, फक्त प्रत्येक चाचणी जास्त अचूक झाली. हे दोनदा वाचा, व्हायवात इथेच पकडतात.

म्हणून टाऊकडे बघा, तो जीच्याच मापात असतो. मग प्रेडिक्शन इंटरव्हल काढा. १०० माणसांच्या उदाहरणात सरासरीची स्टँडर्ड एरर ०.०८. टाऊचा वर्ग आणि तिचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की ०.३१ येतं. टी २.१ धरा. कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.४३ ते ०.७७ येतं, प्रेडिक्शन इंटरव्हल मात्र उणे ०.०५ ते १.२५.

```r
library(metafor)
res <- rma(yi, vi, data=d, test="knha")
predict(res)
confint(res)
```

`test` दिलं नाही तर टीऐवजी १.९६ वापरलं जातं आणि इंटरव्हल सहसा जरा अरुंद येतं.

शून्य आत आलं म्हणून घाबरू नका. "थेरपी चालत नाही" असा त्याचा अर्थ नाही. वितरण नॉर्मल धरलं तर खरा परिणाम शून्याखाली असण्याची शक्यता इथे जेमतेम दोन-तीन टक्के आहे. आणि हा पल्ला अशाच एखाद्या नव्या चाचणीतल्या खऱ्या सरासरी परिणामाचा आहे, एकेका रुग्णाचा नव्हे. "काही रुग्णांना अपाय होईल" असं त्यावरून लिहिलंत तर रिव्ह्यूअर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

त्यानंतर फरक कुठून आला ते शोधा. पहिला संशय तुलनागटावर घ्या: वेटिंग लिस्टशी तुलना केली की परिणाम नेहमीच्या उपचारांशी केलेल्या तुलनेपेक्षा सहसा मोठा दिसतो. दोन्ही एकत्र ओतलेले असतील तर ते रुंद इंटरव्हल म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची मिसळ असू शकते.

चाचण्या पाच-सहाच असतील तर टाऊच डळमळीत असतो. `confint` त्याचा पल्ला दाखवतो, तोही पेपरमध्ये द्या.