ज्वारी, गहू आणि उणे चिन्ह: आकडेवारीवरून छेदक आणि उत्पन्न लवचिकता कशी काढावी

सूत्र सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. एका वस्तूच्या मागणीतला शेकडा बदल भागिले दुसऱ्या वस्तूच्या किमतीतला शेकडा बदल, ही छेदक लवचिकता. खाली किमतीच्या जागी ग्राहकाचं उत्पन्न घातलं की उत्पन्न लवचिकता. शेकडा बदल मात्र मध्यबिंदू पद्धतीनेच काढा:

```
शेकडा बदल = (नवी संख्या − जुनी संख्या) ÷ (दोन्हींची सरासरी) × १००
```

गहू ३० रुपयांवरून ३६ वर गेला तर साध्या पद्धतीने वाढ २० टक्के येते आणि ३६ वरून ३० वर उतरला तर घट १६.७ टक्के येते. अंतर तेच, मापं दोन. सरासरीने भागलं की दोन्ही बाजूंनी १८.२ टक्केच येतात.

आता तक्ता. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी बसवलेले आहेत, पण सोलापुरातल्या धान्य दुकानाची वही उघडली की गुंता असाच असतो. भाव किलोमागे रुपयांत, खप एका कुटुंबाचा महिन्याचा.

| ओळ | गव्हाचा भाव | ज्वारीचा भाव | उत्पन्न | ज्वारीचा खप |
|---|---|---|---|---|
| अ | ३० | ४० | २०,००० | १८ किलो |
| ब | ३६ | ४० | २०,००० | २० किलो |
| क | ३६ | ४० | २५,००० | २१ किलो |
| ड | ३६ | ५० | २०,००० | १६ किलो |

ओळींची जोडी निवडा. खरं काम इथेच आहे.

बहुतेक ठिकाणी 'दोन कालखंडांचे आकडे घ्या आणि सूत्रात घाला' एवढंच सांगतात. हा सल्ला घातक आहे. मी स्वतः त्यात फसलो आहे.

पहिल्यांदा एका दुकानदाराची वही घेऊन बसलो तेव्हा मी पहिली नोंद आणि शेवटची नोंद उचलली. इथल्या तक्त्यात सांगायचं तर अ आणि ड. गहू १८.२ टक्के महागला, ज्वारीचा खप १८ वरून १६ किलोवर आला, म्हणजे ११.८ टक्के घटला. भागाकार उणे ०.६५. उणे आलं म्हणजे पूरक वस्तू, असं लिहून मी मोकळा झालो. दुकानदाराने कागद वाचला आणि म्हणाला, "सर, गहू चढला की माझं गिऱ्हाईक ज्वारीकडं वळतंय. तुम्ही तर उलटंच लिहिलंय." त्याचं बरोबर होतं. चहापत्ती आणि साखर पूरक असतात. चपाती आणि भाकरी एकमेकींची जागा घेतात.

चूक कुठे झाली ते तक्त्याच्या तिसऱ्या स्तंभात दिसतं. अ ते ड या प्रवासात ज्वारीचा स्वतःचा भावही ४० वरून ५० झाला. पाऊस कमी पडला की दोन्ही धान्यांचे भाव एकदमच चढू शकतात, म्हणून आपल्याकडच्या आकडेवारीत हा सापळा वारंवार येतो. ज्वारीचा खप पडला तो ज्वारी महागल्यामुळे, आणि मी त्याचं खापर गव्हावर फोडलं.

म्हणून नियम असा: छेदक लवचिकतेसाठी जी जोडी घ्याल तिच्यात फक्त दुसऱ्या वस्तूचा भाव हललेला हवा. वस्तूचा स्वतःचा भाव आणि उत्पन्न दोन्ही ओळींत जागच्या जागी हवेत. इथे ती जोडी अ आणि ब. खप १०.५ टक्के वाढला, गहू १८.२ टक्के महागला, उत्तर अधिक ०.५८. पर्यायी वस्तू.

अशी स्वच्छ जोडी मिळालीच नाही तर? तेव्हा आधी ज्वारीच्या स्वतःच्या भावाचा परिणाम वेगळा काढा. ब ते ड मध्ये फक्त ज्वारीचा भाव हलला आहे: भाव २२.२ टक्के वर, खप २२.२ टक्के खाली, म्हणजे किंमत लवचिकता उणे १. आता बिघडलेली जोडी अ आणि ड पुन्हा घ्या. एकूण घट ११.८ टक्के, पण ज्वारीच्या स्वतःच्या भाववाढीने एकट्यानेच २२.२ टक्के घट व्हायला हवी होती. मधले १०.४ टक्के गव्हाच्या महागाईने भरून काढले. १०.४ भागिले १८.२, म्हणजे साधारण ०.५७. स्वच्छ जोडीने दिलेल्या उत्तराच्या अगदी जवळ. स्वतःची किंमत लवचिकता दुसऱ्या वर्षीच्या नोंदींतून ठाऊक असेल तर याच वाटेने दुरुस्ती होते.

दुसरा धोका हंगामाचा. रब्बी ज्वारीची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि त्यानंतर अनेक घरं वर्षाचं धान्य एकदम भरून ठेवतात. एप्रिलची विक्री जूनशी ताडून पाहिली तर लवचिकता नाही, घरातल्या कणग्या मोजल्या जातील. या वर्षीचा एप्रिल मागच्या एप्रिलशीच ताडा.

उत्पन्न लवचिकता काढा. जोडी ब आणि क, कारण भाव स्थिर आहेत. खप ४.९ टक्के वाढला, उत्पन्न २२.२ टक्के, उत्तर ०.२२. सामान्य वस्तू, आणि १ पेक्षा कमी म्हणून गरजेची. त्याच घरांत जाडा तांदूळ ६ वरून ५ किलोवर आला असेल तर उत्तर उणे ०.८२, आणि तो कनिष्ठ वस्तू ठरतो.

दोन वर्षांतलं उत्पन्न ताडत असाल तर आधी महागाई वजा करा. पगार ६ टक्के वाढला आणि भावही ६ टक्के वाढले तर उत्पन्न वाढलंच नाही. यासाठी देशाचा आकडा वापरायची गरज नाही. लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकात सोलापूर हे स्वतंत्र केंद्र आहे, तो निर्देशांक घ्या.

चिन्ह वाचा. छेदक अधिक असेल तर पर्यायी, उणे असेल तर पूरक, शून्याजवळ असेल तर संबंध नाही. उत्पन्न लवचिकता अधिक असेल तर सामान्य, उणे असेल तर कनिष्ठ. किंमत लवचिकतेत उणे चिन्ह गाळायची सवय लागलेली असते. इथे ते गाळलंत तर उत्तरच गेलं. आणि ०.०५ सारखी बारीक संख्या आली तर एका जोडीवर निकाल देऊ नका. तीन-चार जोड्यांत चिन्ह टिकतं का ते पाहा. उलटसुलट होत असेल तर संबंध नाही असंच लिहा.

गव्हाच्या भावाने ज्वारी ०.५८ ने हलते म्हणून ज्वारीच्या भावाने गहूही ०.५८ ने हलेल, असं धरू नका. दोन्ही धान्यांवर होणारा घरखर्च सारखा नसतो. गव्हाच्या खपाचा स्तंभ वेगळा लिहा आणि हिशेब नव्याने करा.

शेवटी एक गोष्ट मला मनापासून खटकते. उदाहरण देताना ज्वारी-बाजरीला डोळे झाकून 'कनिष्ठ' म्हटलं जातं. कनिष्ठ हा शब्द दर्जाबद्दल नाही, उणे चिन्हाबद्दल आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि चांगली मालदांडी कित्येकदा गव्हापेक्षा महाग विकली जाते. पैसे हातात आले की तीच मुद्दाम मागून नेणारी घरं इथे आहेत. उलट ५०,००० च्या पुढच्या उत्पन्नात तेच कुटुंब आठवड्यातून तीनदा बाहेर जेवत असेल तर घरच्या ज्वारीचा खप घटेल आणि चिन्ह उणे होईल. वस्तू तीच, टप्पा वेगळा. त्यामुळे निकाल लिहिताना 'ज्वारी सामान्य वस्तू' एवढ्यावर थांबू नका. 'उत्पन्न २०,००० ते २५,०००, गहू ३६ आणि ज्वारी ४० रुपये असताना' हेही त्याच ओळीत लिहा.