दोन म्युच्युअल फंडांची तुलना: शार्प रेशो स्वतः कसा काढावा

पाच वर्षांत सरासरी १५ टक्के देणारा फंड आणि १२ टक्के देणारा फंड शेजारी ठेवले, की हात आपोआप पहिल्याकडे जातो. पण ते १५ टक्के मिळवताना मध्ये एखाद्या वर्षी पैसे किती खाली गेले होते, हे सरासरी सांगत नाही. शार्प रेशो ते विचारात घेतो. फंडाने बिनजोखमीच्या व्याजापेक्षा वर जे काही दिलं, त्याला फंडाच्या चढउताराने भागायचं, एवढाच हा हिशेब आहे. सूत्र असं:

```
शार्प रेशो = (सरासरी परतावा − बिनजोखमीचा दर) ÷ प्रमाण विचलन
```

आधी एकदा कागदावर करून पाहू. खालचे दोन फंड काल्पनिक आहेत, आकडे मुद्दाम सोपे घेतलेत.

| वर्ष | अ फंड (%) | ब फंड (%) |
|---|---|---|
| १ | १८ | ३८ |
| २ | ४ | −१२ |
| ३ | १५ | ३० |
| ४ | ९ | २ |
| ५ | १४ | १७ |

पायरी १: सरासरी

अ ची बेरीज ६०, भागिले ५, म्हणजे १२ टक्के. ब ची बेरीज ७५, सरासरी १५ टक्के. ही साधी सरासरी आहे. फंडाच्या जाहिरातीत दिसणारा वार्षिक चक्रवाढ दर म्हणजे सीएजीआर वेगळा. ब मध्ये १ लाख टाकले असते तर पाच वर्षांनी सुमारे १ लाख ८८ हजार झाले असते, म्हणजे चक्रवाढीने १३.५ टक्के, १५ नव्हे. अ चा चक्रवाढ दर ११.९, म्हणजे त्याच्या सरासरीला जवळजवळ चिकटून. चढउतार जितका मोठा, तितकं हे अंतर वाढतं. शार्प रेशोच्या मूळ सूत्रात साधी सरासरीच घेतात. एका फंडाची सरासरी आणि दुसऱ्याचा सीएजीआर अशी सरमिसळ मात्र करू नका.

पायरी २: प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन

दरवर्षीचा आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहायचं. अ साठी: ६, −८, ३, −३, २. प्रत्येकाचा वर्ग करायचा: ३६, ६४, ९, ९, ४. बेरीज १२२. तिला ५ ने नाही, ४ ने भागायचं, कारण पाच वर्षं म्हणजे फंडाचं सगळं आयुष्य नव्हे, नुसता नमुना आहे. आले ३०.५. त्याचं वर्गमूळ ५.५२.

ब साठी फरक २३, −२७, १५, −१३, २. वर्गांची बेरीज १,६५६, भागिले ४ म्हणजे ४१४, वर्गमूळ २०.३५. ब चा चढउतार अ च्या जवळजवळ चौपट आहे.

पायरी ३: बिनजोखमीचा दर

इथे बहुतेक जण बँकेच्या एफडीचा दर घालतात. फार बिघडत नाही, पण जास्त योग्य आकडा म्हणजे केंद्र सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा. त्यांचे लिलाव रिझर्व्ह बँक दर आठवड्याला घेते आणि निकाल तिच्या संकेतस्थळावर मिळतात. फंड घराणी दरमहा काढतात त्या माहितीपत्रकात, म्हणजे फॅक्टशीटमध्ये, बहुधा मायबोर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या एका रात्रीच्या कर्जाचा दर, वापरलेला असतो. कोणता दर कोणत्या तारखेचा, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

दर कोणताही घ्या, दोन्ही फंडांना एकच लावा आणि ज्या काळाचा परतावा घेतलात त्याच काळाला शोभणारा घ्या. आपण ६.५ टक्के धरू.

पायरी ४: भागाकार

अ: (१२ − ६.५) ÷ ५.५२ = १.००

ब: (१५ − ६.५) ÷ २०.३५ = ०.४२

दराचा परिणाम किती होतो तेही पाहून ठेवा. ६.५ ऐवजी ५ धरला तर अ १.२७ वर जातो आणि ब ०.४९ वर. ७ धरला तर अ ०.९१ आणि ब ०.३९. क्रम बदलला नाही, पण कमी चढउताराच्या फंडाचा आकडा जास्त हलला. म्हणून दोन वेगळ्या महिन्यांच्या फॅक्टशीटमधले शार्प रेशो थेट समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही.

१.०० आणि ०.४२ म्हणजे नेमकं काय?

पुष्कळ ठिकाणी '१ च्या वर चांगला' असा ठोकताळा दिलेला असतो. मला तो निरुपयोगी वाटतो, कारण तेजीच्या तीन वर्षांत सामान्य फंडही १ च्या वर जातो. आकड्याचा खरा अर्थ दोन्ही फंडांची जोखीम सारखी करून पाहिली की कळतो.

समजा तुम्हाला अ इतकाच, म्हणजे ५.५२ चा चढउतार सोसतो. ब मधून तो मिळवायचा तर सगळे पैसे ब मध्ये टाकता येणार नाहीत. १०० रुपयांपैकी साधारण २७ ब मध्ये आणि ७३ ट्रेझरी बिलात ठेवावे लागतील, कारण २०.३५ चे २७ टक्के म्हणजे साडेपाच. या मिश्रणाचा अपेक्षित परतावा किती? २७ रुपयांवर १५ टक्क्यांनी ४ रुपये, ७३ वर साडेसहा टक्क्यांनी पावणेपाच, मिळून सुमारे ८.८ टक्के. तेवढाच चढउतार सोसून अ मात्र १२ टक्के देतो. शार्प रेशो हेच एका आकड्यात सांगतो: सारख्याच धक्क्यांना कोणता फंड जास्त मोबदला देतो.

उलट दिशेने मात्र हे इतकं सोपं नाही. अ मध्ये ब इतकी जोखीम घेऊन ब पेक्षा जास्त कमवायचं, तर कर्ज काढून अ मध्ये टाकावं लागेल, आणि तेही साडेसहा टक्क्यांनी. असं कर्ज तुम्हाआम्हाला कुणी देत नाही. तेव्हा ज्याच्या हाती वीस वर्षं आहेत आणि ज्याला −१२ टक्क्यांचं वर्ष पचतं, त्याने केवळ शार्प कमी म्हणून ब नाकारावा असं यातून निघत नाही.

हे माप ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये ३४ अमेरिकी फंडांची १९५४ ते १९६३ या दहा वर्षांची कामगिरी याच पद्धतीने तपासली, बिनजोखमीचा दर ३ टक्के धरून. त्यांच्या तक्त्यात बोस्टन फंडाची सरासरी १२.४ टक्के आणि विचलन १२.१ होतं, इनकॉर्पोरेटेड इन्व्हेस्टर्सची सरासरी १४ टक्के आणि विचलन २५.५. जास्त परतावा देणारा दुसरा फंड ०.४३ वर यादीत तळाला गेला आणि पहिला ०.७८ वर अव्वल ठरला.

आता खऱ्या फंडांवर

पाच वार्षिक आकडे शिकायला ठीक आहेत, निर्णयाला नाहीत. फॅक्टशीटमध्ये साधारण तीन वर्षांचे ३६ मासिक परतावे घेतात, तेच आपणही एक्सेलमध्ये करू. दोन्ही फंड एकाच प्रकारचे निवडा: फ्लेक्सी कॅपशी फ्लेक्सी कॅप, लार्ज कॅपशी लार्ज कॅप. ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून जुनी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची त्या त्या दिवशीची किंमत, घ्या. दोन्हीकडे डायरेक्ट किंवा दोन्हीकडे रेग्युलर प्लॅन हवा आणि पर्याय ग्रोथच हवा. लाभांश वाटणाऱ्या पर्यायाची एनएव्ही वाटपाच्या दिवशी आपोआप खाली येते. एक्सेलला तो तोटा वाटतो, मग सरासरी पडते आणि विचलन फुगतं. एखाद्या महिन्यात एक फंड अचानक खाली गेला आणि त्याच प्रकारचे बाकीचे जागेवर असले, तर आधी ही शंका घ्या.

महिनाअखेरच्या ३७ एनएव्ही B2 ते B38 मध्ये उतरवा. C3 मधलं सूत्र C38 पर्यंत खाली ओढा. बिनजोखमीचा दर E1 मध्ये 0.065 असा लिहा.

```
C3:  =B3/B2-1
E2:  =AVERAGE(C3:C38)*12
E3:  =STDEV.S(C3:C38)*SQRT(12)
E4:  =(E2-E1)/E3
```

मासिक सरासरीला १२ ने गुणायचं, पण विचलनाला १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. वर्षाचा परतावा आणि महिन्याचं विचलन अशी जोडी लागली तर रेशो तिपटीहून मोठा येतो. शेअर फंडाचा आकडा ३ किंवा ४ आला, तर फंड भारी निघाला असं समजू नका. आधी E3 तपासा.

आकडा कुठे फसवतो

बाजार पडलेल्या काळात रेशो ऋण येतो आणि मग क्रमवारीवर विश्वास ठेवता येत नाही. बिनजोखमीचा दर ६.५ असताना दोन्ही फंडांनी ४ टक्के दिले, एकाचं विचलन ५ आणि दुसऱ्याचं १० असेल, तर पहिल्याचा रेशो −०.५ आणि दुसऱ्याचा −०.२५. म्हणजे तेवढाच परतावा जास्त धक्के देऊन देणारा फंड वर दिसतो! ऋण आकडे आले की शार्प बाजूला ठेवून परतावा आणि विचलन वेगवेगळं पाहावं.

दुसरी फसवणूक शांत एनएव्हीची. कर्जरोख्यांच्या फंडाची एनएव्ही महिनोन्‌महिने सरळ रेषेत चढते, विचलन नगण्य राहतं आणि शार्प दिमाखदार दिसतो. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली, तेव्हा काही आठवडे आधीपर्यंत त्यांच्या रोख्यांना वरच्या दर्जाचं रेटिंग होतं. ते रोखे बाळगणाऱ्या फंडांची एनएव्ही घसरली, आणि त्याआधीच्या विचलनात या धोक्याचा मागमूसही नव्हता. जो धक्का अजून बसलेलाच नाही, तो विचलनात कुठून येणार? कमी रेटिंगच्या रोख्यांच्या फंडात शार्पपेक्षा पोर्टफोलिओची यादी वाचणं जास्त कामाचं.

आणि तिसरी गोष्ट, जी फॅक्टशीट कधीच छापत नाही: तीन वर्षांच्या आकड्यावरून काढलेला शार्प रेशो केवळ योगायोगाने सुमारे ०.६ ने इकडेतिकडे होऊ शकतो. दहा वर्षं घेतली तरी ही ढिलाई ०.३ च्या आसपास उरते. एकाच प्रकारचे दोन फंड बरोबरीने वरखाली होतात, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकाची ढिलाई याहून कमी असते, पण ती संपत नाही. म्हणून ०.८२ आणि ०.७६ यांत मी काहीच निवडत नाही, मग खर्चाचं प्रमाण कमी असलेला फंड घ्यावा. फरक मोठा दिसला तर तीन वर्षांची खिडकी सहा-सहा महिने मागे सरकवत हेच चार सूत्रांचं कोष्टक पुन्हा चालवावं. तोच फंड बहुतेक खिडक्यांत वर राहिला, तरच त्या फरकाला वजन द्यावं.