"तुम्हाला काही विचारायचंय का?" यावर काय विचारायचं

पहिल्या चार-पाच इंटरव्ह्यूंत शेवटी हा प्रश्न आला की मी "नाही सर, सगळं क्लिअर आहे" म्हणून उठायचे. मला वाटायचं तेच बरं दिसतं. आता मी स्वतः पॅनलवर बसते तेव्हा कळतं की कोणी काहीच विचारलं नाही की आम्हाला वाटतं, याला नोकरी हवीये पण ही नोकरी कसली आहे याच्याशी फारसं घेणंदेणं नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न साधा आहे: "ही पोस्ट नवीन आहे की आधी कोणी होतं?" एका ठिकाणी मी हा विचारला तर मॅनेजरनी आधी एचआरकडे बघितलं आणि मग म्हणाले, "आधीच्यांना इथला वर्कलोड झेपला नाही." आता 'आधीच्यांना' म्हणजे आदराने एकच माणूस की खरंच बरेच जण, ते कळेना, म्हणून मी विचारलं, "एकच जण होते का?" तर म्हणाले, "तिघं, दीड वर्षात." हातात दुसरी ऑफर नव्हती म्हणून मी जॉइन झाले आणि दोन महिन्यांत लक्षात आलं की रिपोर्टिंग आणि क्लायंट सपोर्ट अशी दोन माणसांची कामं एकाच पोस्टवर टाकली होती. तेव्हाच "त्यांना नेमकं कुठे जड गेलं?" एवढं विचारलं असतं तर निदान कामाची वाटणी आधी बोलून घेता आली असती. एखादा माणूस सोडून गेला तर त्यात विशेष काही नाही, लोक जातातच, आणि "त्यांचं प्रमोशन झालं" असं उत्तर आलं तर छानच, पण एकाच जागेवरून पाठोपाठ लोक जात असतील तर गडबड बहुतेक त्या जागेतच असते.

दुसरा प्रश्न: "पहिल्या तीन महिन्यांत मी काय करून दाखवलं तर तुम्हाला वाटेल की योग्य माणूस घेतला?" हा एचआरला नको, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांनाच विचारा. "पहिला महिना शिकून घ्या, तिसऱ्या महिन्यापासून मंथली रिपोर्ट तुम्ही एकट्याने काढायचा" असं काही ठोस आलं तर त्यांच्या डोक्यात काम स्पष्ट आहे. "या तर आधी, मग बघू" असं आलं तर प्रोबेशन संपताना तुम्हाला कशावर मोजणार तेही ठरलेलं नसण्याची शक्यता आहे, तेव्हा रोजच्या कामाबद्दल अजून एकदा विचारा. आणि पॅनलच्या बाजूने सांगते, हा प्रश्न आला की आम्ही उत्तर देता देता त्या माणसाला त्या खुर्चीत बसवूनच विचार करायला लागतो.

दोन प्रश्न पुरे, फार तर तीन, नाहीतर उलटतपासणी वाटते. सुट्ट्या, पगार हे एचआर राउंडला. वेबसाइटवर पहिल्याच पानावर असलेलं काही विचारू नका, तयारी केली नाही हे लगेच दिसतं. आणि निघताना "पुढचं कधीपर्यंत कळेल?" हे विचारून तारीख लिहून ठेवा, ती उलटून दोन दिवस गेले की मेल करायला अजिबात संकोच करू नका.