[x] चं इंटिग्रेशन: पायऱ्या कुठे तोडायच्या

कॅल्क्युलस नवीन होतं तेव्हा मला 0 ते 3 या अंतरालावर [x] चं इंटिग्रल काढायचं होतं. [x] म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, एवढं पाठ होतं. दोन पूर्णांकांच्या मधे त्याची किंमत बदलत नाही, म्हणजे तो स्थिरांकच, असं धरून मी x[x] ला लिमिट्स घातल्या आणि उत्तर 9 लिहिलं. खरं उत्तर 3 आहे.

आलेख काढला तेव्हा चूक दिसली. 9 हे 3 × 3 च्या अख्ख्या चौरसाचं क्षेत्रफळ आहे. आलेख मात्र पायऱ्यांचा: पहिल्या एककात उंची 0, दुसऱ्यात 1, तिसऱ्यात 2. बेरीज 3. x[x] हे फलन 1, 2 आणि 3 पाशी अनुक्रमे 1, 2 आणि 3 एवढी उडी मारतं. या सहाच्या उड्या माझ्या उत्तरात शिरल्या होत्या. 9 मधून 6 गेले की 3 उरतात. म्हणूनच अंतराल आधी पूर्णांकांपाशी तोडायचं आणि मग प्रत्येक तुकड्यावर स्थिरांक बाहेर काढायचा.

इथे बरेच जण अडखळतात: x = 3 ला तर किंमत 3 आहे, मग ती कुठे गेली? ती एकाच बिंदूवर आहे, आणि बिंदूला रुंदी नसते, म्हणून क्षेत्रफळात तिचा वाटा शून्य.

आता खरी कसोटी पाहणारं उदाहरण घेऊ, ज्यात लिमिट्स पूर्णांक नाहीत आणि एक ऋण आहे:

∫ [x] dx, −1.5 पासून 2.3 पर्यंत.

मधे येणारे पूर्णांक −1, 0, 1, 2. म्हणजे पाच तुकडे. पहिला −1.5 ते −1, रुंदी 0.5. इथे किंमत किती? माझ्या हातून सवयीने −1 लिहिलं जायचं, कारण दशांश भाग खोडून टाकायची सवय लागली होती. पण −1 हा −1.5 पेक्षा मोठा आहे. मोठा नसलेला पूर्णांक −2. संख्यारेषेवर बोट ठेवून डावीकडे सरकायचं, जो पूर्णांक पहिला भेटेल तो. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आणि ऋण बाजूची चूक थांबली.

तर पहिल्या तुकड्याचे −2 × 0.5 = −1. पुढचा −1 ते 0, किंमत −1, म्हणून पुन्हा −1. 0 ते 1 चं शून्य, 1 ते 2 चं 1. शेवटचा 2 ते 2.3: उंची 2, रुंदी फक्त 0.3, म्हणून 0.6. एकूण −0.4.

हे उत्तर बरोबर आहे का, ते ताडून पाहायची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. x आणि [x] यांतला फरक प्रत्येक एककात 0 पासून 1 च्या जवळपर्यंत सारखा चढत जातो, म्हणून सरासरी अर्धा. मग साध्या x चं इंटिग्रल काढायचं आणि त्यातून अंतरालाच्या लांबीचा अर्धा वजा करायचा. इथे x चं इंटिग्रल (5.29 − 2.25)/2 = 1.52, लांबी 3.8, तिचा अर्धा 1.9. अंदाज −0.38. आपलं उत्तर −0.4, म्हणजे जुळलं. फरक पडतो तो फक्त टोकांच्या अपुऱ्या तुकड्यांमुळे, आणि तो कधीही 0.125 पेक्षा जास्त होत नाही. लिमिट्स पूर्णांक असतील तर अंदाज आणि उत्तर तंतोतंत एकच येतात. दशांश खोडून केलं असतं तर उत्तर 1.1 आलं असतं, −0.38 शेजारी ते लगेच उघडं पडतं.

ही 0.125 ची मर्यादा [x] पुरतीच आहे. [x²] आला की ती विसरायची, आणि तोडायच्या जागाही बदलायच्या. 0 ते 2 वर [x²] घेतला तर 1 पाशी तोडून थांबता येत नाही, कारण पूर्णांक व्हायचा आहे तो x² आणि x नव्हे. x² = 1, 2, 3 सोडवलं की जागा मिळतात 1, √2, √3. पायऱ्यांची रुंदी आता एकक नाही, पण उंची एकेकानेच वाढते:

1(√2 − 1) + 2(√3 − √2) + 3(2 − √3) = 5 − √2 − √3

म्हणजे सुमारे 1.85. फक्त 1 पाशी तोडून पुढे सगळीकडे किंमत 1 धरणाऱ्याला उत्तर 1 मिळतं. तसं झालं तर √3 आणि 2 यांच्या मधली एखादी संख्या, समजा 1.9, घालून पाहा: तिचा वर्ग 3.61, म्हणजे तिथे उंची 3 आहे.