वारसाचा गाळा, पडून असलेला प्लॉट: कमाईच्या कल्पना तोलताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावी भाडेकरार आणि हक्कसोडपत्रं लिहून देण्याचं काम करतो. समोर बसणारे बदलतात, चुका त्याच राहतात. वडील जाऊन सहा महिने झालेले असतात, बाजारपेठेतल्या गाळ्याचं शटर बंद असतं आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये ‘रिकाम्या जागेतून महिना पन्नास हजार’ छापाचे चार व्हिडिओ असतात. सोमवारी रजा संपते, त्याच्या आत निर्णय हवा असतो. घाई कसली आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. शटर इतके दिवस बंद होतं, अजून महिनाभर राहिलं तर आभाळ कोसळत नाही.

जागा घरची म्हणून ती फुकट धरणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. ‘भाडं द्यायचं नाही, मग किराणा टाकला तर सगळा फायदाच की!’ हे वाक्य ऐकलं की मी कोरा कागद पुढे ओढतो. एका ग्राहकासोबत मांडलेला हिशेब देतो. आकडे आमच्याकडच्या दोनशे चौरस फुटांच्या गाळ्याचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

आधी गाळा भाड्याने दिला तर काय होतं ते पाहू. महिना 9,000 म्हणजे वर्षाला 1,08,000. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत गाळा रिकामा राहतो. त्यापोटी वर्षाला एक महिना सोडा, उरले 99,000. नगरपालिकेचा कर 6,000, शटर-रंग-गळतीची दुरुस्ती सरासरी 8,000, दलालीचा वर्षाला पडणारा वाटा 3,000. हातात 82,000, म्हणजे महिना साधारण 6,800. नऊ हजारांचा गाळा प्रत्यक्षात एवढाच देतो, आणि कोणत्याही कल्पनेची तुलना या आकड्याशी व्हायला हवी.

आता किराणा. रोजची विक्री 5,000 धरू, महिन्याचे 26 दिवस. गल्ला 1,30,000. हा आकडा ऐकूनच माणसं हरखतात. पण गल्ला म्हणजे नफा नव्हे. सरासरी दहा टक्के सुटले तर 13,000. त्यातून लाईटबिल 1,500, खराब माल आणि बुडालेली उधारी मिळून 1,500. राहिले 10,000. गाळा दुसऱ्याला दिला असता तर मिळाले असते ते 6,800 यातून वजा करा, कारण ते तुम्ही सोडताय. उरले 3,200. मालात आणि फर्निचरमध्ये तीन लाख अडकले, ते सात टक्क्यांनी ठेवीत असते तर महिना 1,750 आले असते. तेही वजा केले की 1,450 रुपये. सकाळी आठ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसण्याचा मोबदला एवढाच.

किराणा टाकू नका, असं यातून निघत नाही. रोजची विक्री दहा हजारांवर गेली तर गणित बदलतं, आणि ज्याला धंद्याची सवय आहे तो तिथवर नेतोही. पण पुण्यात नोकरी करून गावी पगारी पोरगा बसवणार असाल, तर त्याचा पगार मी या हिशेबात धरलेलाच नाही. तो तुमचा तुम्ही घाला आणि मग मला फोन करा.

एटीएमचंही असंच. ‘बँक बारा हजार देते’ हे खरं असू शकतं. पण फरशी, वाढीव वीजभार, रॅम्प, शटर यांचा खर्च बरेचदा मालकाच्या गळ्यात येतो, आणि करारात मुदत लांब असली तरी नोटीस देऊन मध्येच निघून जाण्याची सोय बहुधा त्यांच्याच बाजूने लिहिलेली असते. खर्च दीड लाख आणि नेहमीच्या भाड्यापेक्षा तीन हजार जास्त, तर तो खर्च फिटायलाच चार वर्षं लागतात. ते दोन वर्षांत उठून गेले तर? सही करण्याआधी हा प्रश्न विचारणारा माणूस विरळाच.

नोटरी केली म्हणजे करार झाला, असं समजणं

यावर मी चिडून बोलतो, कारण यात नुकसान झालेली घरं पाहिली आहेत.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. दोन भाऊ आणि एक बहीण, तिघंही बाहेरगावी. एसटी स्टँडजवळ वडिलांचा गाळा. तो वडिलांच्या मित्राच्या मुलाला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानासाठी दिला. ‘घरचाच पोरगा आहे’ म्हणून स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, भाडं 4,000. सही फक्त थोरल्या भावाची. अकरा महिने संपले, पण नवा करार कोणी केला नाही. बिलाची कटकट नको म्हणून मीटरही त्याच मुलाच्या नावावर करून दिलं. काही वर्षांनी एक औषधविक्रेता 14,000 द्यायला तयार झाला, तेव्हा यांनी त्याला गाळा सोडायला सांगितलं. त्याने शांतपणे सांगितलं, मी भाडेकरू आहे, भाडं चार हजार ठरलंय, मुदत काही ठरलेली नाही.

आणि कागद त्याच्या बाजूने होते. दुकानाचा गुमास्ता परवाना त्या पत्त्यावर, लाईटबिल त्याच्या नावावर, दरमहा मोबाइलवरून पाठवलेले पैसे आणि प्रत्येक नोंदीवर ‘भाडे’ असं लिहिलेलं. यांच्याकडे होता मुदत संपलेला, नोंदणी न झालेला कागद.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 इथे आडवं येतं. हा कायदा लागू असलेल्या शहरांत करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर अटी काय ठरल्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते ती वेगळीच. ‘अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही’ हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य इथे उपयोगाचं नाही.

लोकांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. लिव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेलं घर मुदत संपूनही राहणाऱ्याने सोडलं नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तो मार्ग तुलनेने जलद आहे. दुकानाच्या गाळ्याला तो मार्ग नाही. दिवाणी दावाच लावावा लागतो. म्हणून गाळ्याचा कागद घराच्या कागदापेक्षा जास्त काळजीने करायचा असतो, आणि लोक करतात नेमकं उलटं.

त्या भावंडांनी वकील केला, तारखा पाहिल्या, आणि शेवटी वर्षभराच्या भाड्याहून मोठी रक्कम हातावर ठेवून त्याला बाहेर काढलं. नोंदणी टाळून वाचवले किती होते? नऊ हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट आणि 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार धरा. तीन वर्षांचं भाडं 3,24,000, डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज 15,000. बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. माझी मजुरी धरली तरी मोठी रक्कम होत नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. मीटर कधीही भाडेकरूच्या नावावर करायचं नाही, पाहिजे तर सबमीटर बसवा. डिपॉझिट किमान सहा महिन्यांच्या भाड्याइतकं, कारण थकलेलं भाडं आणि बिल त्यातूनच निघतं. पोटमाळा किंवा पक्कं बांधकाम करायचं तर मालकाची लेखी परवानगी, ही अट करारात हवीच. मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराचा विषय काढायचा. भाडेकरू ‘बघू, करू की’ म्हणत टाळायला लागला, किंवा मधेच ‘भाडेपावती’ मागू लागला, की समजायचं तो कोणाचा तरी सल्ला घेऊन आलाय.

जाता जाता, बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मिळत नाही. एटीएमच्या बाजूने मी मान्य करतो तो मुद्दा हा, भाड्याचा आकडा नव्हे.

सगळे वारस कागदावर नसताना व्यवहार करणं

बहिणीची सही घ्या. ती काही मागणार नाही, हे मला भावाने सांगून उपयोग नाही, तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्रात सांगितलं पाहिजे. जमिनीची वारसनोंद तलाठ्याकडे, गाळ्याची सिटी सर्व्हेला आणि नगरपालिकेत, अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. करपावतीवर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असं होत नाही.

प्लॉटच्या बाबतीत

गुंठ्यांत असलेल्या जमिनीसाठी सोलरची स्वप्नं बघू नका. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ऐकायला छान. पण एका मेगावॅटलाच चार-पाच एकर लागतात आणि जागा उपकेंद्राजवळ हवी. तुमचे दहा गुंठे त्यांनी घेतलेच असं धरलं, तरी त्या दराने वर्षाचे साडेबारा हजार होतात.

मोबाइल टॉवरसाठी जो आधी ‘नोंदणी फी’ मागतो तो चोर. दूरसंचार नियामक संस्था असलेली ट्राय असा कोणताही ना-हरकत दाखला देत नाही, फीही घेत नाही, आणि तिने लोकांना वारंवार तसं बजावलंही आहे. तिच्या नावाचं शिक्क्याचं पत्र आलं तर ते बनावट.

शेतजमिनीवर गोडाऊनची शेड उभारायची तर आधी एनए म्हणजे बिनशेती परवानगीचं काय ते बघा, मग पत्रे विकत घ्या. उलटा क्रम लावणारे दरवर्षी येतात.

शेत तोंडी बोलीवर वाट्याने देताना कूळकायदा विसरू नका. दरवर्षी तोच माणूस कसत असेल आणि पीकपाहणीत नाव त्याचं लागत असेल, तर तो उद्या कूळ म्हणून हक्क सांगू शकतो, म्हणून ते नाव तुम्हाला ठाऊक हवं. सातबारा वर्षातून एकदा काढून बघा, ऑनलाइन मिळतो.

मोकळी जागा पार्किंगला किंवा वाळू-विटांच्या ढिगाला भाड्याने दिली, तर आयकरात ते घरभाड्याचं उत्पन्न धरलं जात नाही. गाळ्याच्या भाड्यातून पालिकेचा कर वजा केल्यावर मिळणारी 30 टक्क्यांची सरसकट वजावट इथे नाही. त्यामुळे प्लॉटचे आठ हजार आणि गाळ्याचे आठ हजार हे कर भरणाऱ्याच्या हातात सारखे पडत नाहीत. प्लॉटला कुंपण घातलं नसेल तर त्याचा खर्चही याच हिशेबात धरा, कारण शेजाऱ्याने दोन फूट आत भिंत सरकवल्यावर मोजणीचा अर्ज करायलाही पैसे लागतातच.