पिस्टन पंपाच्या जागी गिअर पंप बसवताना या चुका टाळा

पावसाळ्याआधीच्या नालेसफाईच्या दिवसांत आमच्या कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये एक छोटा एक्स्कॅव्हेटर आला. "नवा हायड्रॉलिक पंप टाकला, तरी तेल उकळतंय," अशी मालकांची तक्रार होती. मूळचा लोड-सेन्सिंग, म्हणजे कामाच्या गरजेपुरतेच तेल देणारा, पिस्टन पंप गेल्यावर, किंमत काही पट कमी म्हणून मिनिटाला ६० लिटर देणारा गिअर पंप बसवला होता. चांगला गिअर पंप २०० बारच्या आसपासचा दाब सहज पेलतो, त्यामुळे दाबाच्या दृष्टीने निवड चुकीची दिसत नव्हती.

चूक वाल्व्ह ब्लॉककडे न पाहण्यात होती. या यंत्राचा ब्लॉक क्लोज्ड-सेंटर होता, म्हणजे लिव्हर मध्यावर असताना त्यातून तेलाला वाटच नसते. पिस्टन पंप अशा वेळी आपली तबकडी जवळजवळ सरळ करून साधारण २० बारवर स्वस्थ राहतो. गिअर पंप मात्र ६० लिटर ढकलतच राहतो आणि ते सारे तेल २०० बारवर रिलीफ वाल्व्हमधून टाकीत जाते. ६० गुणिले २००, भागिले ६००, म्हणजे २० किलोवॅट, आणि त्यातून काम काहीच नाही. टाकीतले ८० लिटर तेल एवढ्या उष्णतेने हिशेबाप्रमाणे मिनिटाला ९ अंशांच्या आसपास तापते. धातू आणि कूलर थोडी उष्णता घेतात, एवढाच दिलासा. पंपाचे स्वतःचे नुकसान धरले, तर फुल थ्रॉटलवर नुसते उभे राहण्यात तासाला सुमारे ६ लिटर डिझेल जाते. वाचलेले पैसे असे निघून जातात.

ओळखायचे कसे? लिव्हर मध्यावर ठेवून गेज पाहावा. काटा रिलीफच्या दाबावर आणि इंजिन ओझ्याखाली असेल, तर पंप आणि ब्लॉक यांचा मेळ नाही. पूर्ण भाराखाली पिस्टनची सुमारे ९० टक्के आणि गिअरची सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता यांत फार अंतर नसते. खरे अंतर अर्धवट भारात आणि रिकाम्या वेळेत पडते. ओपन-सेंटर ब्लॉक लिव्हर मध्यावर असताना तेलाला टाकीकडे मोकळी वाट देतो, म्हणूनच अशा ब्लॉकच्या साध्या लोडरला गिअर पंपच योग्य असतो. शिवाय तो थोडी घाणही सहन करतो.

वेन पंप मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. तो आवाज कमी करतो, पण त्याच्या पात्या बाहेर फेकल्या जाण्यासाठी साधारण ६०० आरपीएम लागतात, त्यामुळे आयडलवर बराच वेळ चालणाऱ्या यंत्रात तो मला तरी पटत नाही.

मालकांनी शेवटी पिस्टन पंपच घेतला. इथे आणखी एक चूक होता होता वाचली: गिअर पंप लावताना केस ड्रेनची, म्हणजे पिस्टन पंपाच्या आतल्या गळतीचे तेल टाकीत नेणारी, नळी बूच मारून बंद केली होती. ती तशीच राहिली असती, तर गळतीचे तेल कोंडून शाफ्टची सील पहिल्याच दिवशी फुटली असती. आम्ही ती रिटर्न फिल्टरला न जोडता थेट टाकीत सोडली, सुरू करण्याआधी पंपाचे घर स्वच्छ तेलाने भरले आणि जळालेले जुने तेल बदलले. लिव्हर मध्यावर असताना गेज २० बारच्या आसपास थांबला.