‘अभिप्रेरणा’ मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचे? नववीच्या गणिताचे एक उदाहरण

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी ठाणे-नवी मुंबई परिसरातून येणाऱ्या विषयांत एक विषय हमखास असतो : ‘इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची गणितातील अभिप्रेरणा आणि संपादणूक यांतील सहसंबंध’. विषय चांगला आहे. अडचण येते ती पहिल्या प्रकरणातल्या कार्यात्मक व्याख्येपाशी. तिथे बहुतेक जण शब्दकोशातली व्याख्या थोडी फिरवून लिहितात, ‘अभिप्रेरणा म्हणजे विद्यार्थ्याला अध्ययनास प्रवृत्त करणारी आंतरिक शक्ती’. या वाक्यावरून शाळेत जाऊन काहीही मोजता येत नाही. कोणत्या मुलाला किती गुण द्यायचे, हे ते सांगत नाही.

सुरुवात करायची ती हाताशी असलेले आकडे बाजूला ठेवून. शाळेत गेल्यावर तीन गोष्टी लगेच मिळतात : हजेरीपट, गृहपाठाच्या वह्या आणि घटक चाचणीचे गुण. मोह होतो की या तिघांची बेरीज करून तिलाच अभिप्रेरणा म्हणावे. प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न विचारायचा. अभिप्रेरणा तेवढीच राहूनही हा आकडा दुसऱ्या कशाने हलू शकतो का?

हजेरी घ्या. दुपारच्या सत्रातली एखादी मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. जुलैमध्ये रस्त्यावर पाणी साचले की कळव्याहून ठाण्यात येणारी मुले येऊच शकत नाहीत. हजेरी कमी होते, गणिताबद्दलची ओढ तीच असते. शिवाय हजेरी सगळ्या विषयांची असते, एकट्या गणिताची नव्हे. गृहपाठाचे दुखणे वेगळे. क्लासला जाणाऱ्या मुलाची वही क्लासमध्येच पूर्ण होते आणि वर्गात ती चार जणांकडे फिरते. त्या वहीतून क्लासची फी परवडते की नाही हे अधिक कळते.

गुण तर अजिबातच घ्यायचे नाहीत. तुमच्या अभ्यासात संपादणूक हा दुसरा चल आहे. गुणांचा अंश अभिप्रेरणेच्या मापात मिसळला आणि मग त्या मापाचा गुणांशी सहसंबंध काढला, तर गुणांचा काही भाग गुणांशीच ताडून पाहिला असे होते. सहसंबंध छान येतो आणि त्याला काहीही अर्थ नसतो. तोंडी परीक्षेत हीच जागा पहिल्यांदा पकडली जाते.

मग मापायचे काय? इथे सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागतो, कारण संकल्पनेचे तुकडे कुठे पाडायचे हे तोच सांगतो. शालेय विषयासाठी अपेक्षा-मूल्य सिद्धान्त सोयीचा पडतो. जॅक्लिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शिक्षणाच्या संदर्भात मांडला. सोप्या भाषेत, मूल एखाद्या कामाला भिडते ते दोन गोष्टींवरून : हे मला जमेल का, आणि हे करण्यात मला काय आहे. दुसऱ्या प्रश्नाची पुन्हा फोड होते : ते करताना आवडते का, आणि पुढे उपयोगाचे वाटते का. सिद्धान्तात आणखी घटक आहेत, पण एका लघुप्रबंधाला तीन पैलू पुरतात : स्वक्षमता-विश्वास, आवड आणि उपयोग. प्रत्येकी चार, म्हणजे एकूण बारा विधाने.

आवड आणि उपयोग यांची बेरीज करू नका, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. ऐरोलीतला एक मुलगा समजा. त्याला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे आहे, गणित मुळीच आवडत नाही, पण त्यावाचून चालणार नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. आवड 2.00, उपयोग 4.75. दुसऱ्या मुलीला कोडी सोडवायला फार आवडतात, पण पुढे चित्रकलेकडे जायचे असल्याने गणिताचा उपयोग दिसत नाही. आवड 4.50, उपयोग 2.25. दोघांची बेरीज 6.75. कागदावर दोघे सारखे झाले, आणि ज्या फरकासाठी अभ्यास हाती घेतला तोच पुसला गेला. पैलूंचे गुण शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवा आणि संपादणुकीशी सहसंबंधही वेगवेगळा काढा.

आता विधाने. ‘गणित हा महत्त्वाचा विषय आहे’ असे विधान घातले की जवळजवळ सगळा वर्ग ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. ज्या विधानाला सगळे एकच उत्तर देतात, ते मुलामुलांतला फरक दाखवत नाही. ‘मला गणित आवडते आणि मी रोज सराव करतो’ यात दोन प्रश्न आहेत. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्या मुलाने खूण कुठे करायची? ‘मी नेहमी’, ‘मी भरपूर’ हे शब्दही टाळा, कारण प्रत्येकाचे भरपूर वेगळे असते. त्याऐवजी प्रसंग द्या. स्वक्षमतेसाठी ‘फळ्यावर न सोडवलेल्या प्रकारचे उदाहरण आले तरी मला सुरुवात करता येते’. आवडीसाठी ‘गणिताच्या तासाला वेळ लवकर जातो’. उपयोगासाठी ‘मला पुढे जे शिकायचे आहे त्यात गणित लागेल’.

मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग असते, त्यामुळे ‘सोडवतो/सोडवते’ अशी जोडी प्रत्येक ओळीत येते आणि वाचन अडखळते. ‘मला सोडवता येते’ अशी रचना केली की प्रश्न मिटतो.

प्रत्येक पैलूत एक विधान उलट्या दिशेचे ठेवा, म्हणजे न वाचता एकाच रांगेत खुणा करणारी मुले ओळखू येतात. पण ते ‘नाही’ घालून उलटे करू नका. ‘मला गणित जमत नाही’ यावर ‘असहमत’ म्हणजे जमते की जमत नाही, यात नववीतली मुले गोंधळतात. ‘लांबलचक उदाहरण दिसले की ते आपल्याला जमणार असे वाटणे अवघड जाते’ हेही बोजड. ‘लांबलचक उदाहरण दिसले की मला धास्ती वाटते’ हे सरळ आहे.

पर्याय पाच : पूर्ण सहमत 5, सहमत 4, सांगता येत नाही 3, असहमत 2, पूर्ण असहमत 1. उलट्या विधानाचे गुण 6 मधून वजा करायचे. एखाद्या मुलीने स्वक्षमतेच्या विधानांना 4, 3, 4 आणि उलट्या विधानाला 2 दिले, तर शेवटचे 4 धरायचे. बेरीज 15, सरासरी 3.75.

छपाईआधी पाच-सहा मुलांना एकेकट्याने बसवून विधाने मोठ्याने वाचायला लावा आणि ‘याचा अर्थ तुला काय कळला?’ एवढेच विचारा. ‘गणित उपयोगी आहे’चा अर्थ काही मुले ‘टक्केवारी वाढवायला उपयोगी’ असा घेतात, तर काही ‘दुकानात हिशेबाला’. तुम्हाला कोणता हवा, हे विधानातच दिसले पाहिजे. त्यानंतर मुख्य न्यादर्शात नसलेल्या शाळेत साधारण 40 विद्यार्थ्यांवर पथदर्शी चाचणी घ्या.

विश्वसनीयतेसाठी क्रॉनबाखचा अल्फा (1951) काढतात. तो बारा विधानांचा एकत्र नको, प्रत्येक पैलूचा स्वतंत्र काढा. एक्सेलमध्येही जमतो. पहिली तीन विधाने B, C, D मध्ये, उलटे विधान E मध्ये, त्याचे बदललेले गुण F मध्ये आणि बेरीज G मध्ये :

```
F2:  =6-E2
G2:  =B2+C2+D2+F2
B42: =VAR.S(B2:B41)
अल्फा: =(4/3)*(1-(B42+C42+D42+F42)/G42)
```

पहिली दोन सूत्रे 41व्या ओळीपर्यंत खाली ओढायची, आणि 42व्या ओळीतले प्रचरणाचे सूत्र C, D, F, G या रकान्यांतही द्यायचे. समजा चार विधानांची प्रचरणे 0.9, 1.1, 1.0 आणि 1.2 आली, म्हणजे मिळून 4.2, आणि बेरजेचे प्रचरण 9.1. अल्फा येतो 0.72. संशोधनात 0.70च्या आसपास स्वीकारण्याचा प्रघात आहे. आता हाच तक्ता उलटे विधान न बदलता वापरला तर? विधानांची प्रचरणे तीच राहतात, पण उलटे विधान बाकीच्यांच्या विरुद्ध ओढत असल्याने बेरजेचे प्रचरण कोसळते. ते 4.3 वर आले, तर अल्फा 0.03. अल्फा असा शून्याजवळ किंवा ऋण आला, तर विधाने फाडून टाकण्याआधी उलट्या विधानाचा रकाना तपासा. बहुतेकदा दोष तिथेच असतो.

अल्फा चांगला आला म्हणजे माप खरे झाले, असे मात्र नाही. काही मुलांनी बाईंना खूश करण्यासाठी सरळ विधानांना 5 आणि 4, तर उलट्या विधानाला 1 आणि 2 दिले, तरी विधाने एकमेकांशी जुळलेली दिसतात. म्हणून प्रश्नावली भरून घेताना गणिताचे शिक्षक वर्गात नकोत आणि कागदावर नाव नको. नावाऐवजी संकेतांक द्या, कारण पुढे गुण जोडायचे आहेत. मुले 18 वर्षांखालची असल्याने मुख्याध्यापकांबरोबर पालकांची लेखी संमतीही आधीच घ्यावी लागते.

मुलांच्या सांगण्यावर सगळा भार राहू नये म्हणून वर्तनाचा एक निर्देशक जोडा. याचा मूळ नमुना एडवर्ड डेसी यांच्या 1971च्या प्रयोगांत आहे. सहभागींना सोमा हे ठोकळ्यांचे कोडे दिले होते. मध्येच प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाई आणि त्या मोकळ्या वेळात माणूस आपणहून कोड्याशी किती वेळ घालवतो, हे पाहिले जाई. वर्गात याचे साधे रूप असे करता येते : वीस मिनिटांची नेहमीची उदाहरणे संपल्यावर सहा अवघड उदाहरणांचा दुसरा कागद वाटायचा. सूचना छापूनच न्यायची आणि प्रत्येक तुकडीत तीच वाचायची : ‘हा कागद ऐच्छिक आहे. याचे गुण कुठेही धरले जाणार नाहीत. हवे तर सोडवा, नाहीतर गोष्टीचे पुस्तक वाचा.’ पुस्तके खरोखर बाकावर ठेवलेली हवीत, नाहीतर मूल निव्वळ कंटाळून उदाहरणांकडे वळते. पंधरा मिनिटांनंतर किती उदाहरणांत किमान एक पायरी लिहिली आहे, तेवढेच मोजायचे. उत्तर बरोबर की चूक हे बघितले, तर पुन्हा क्षमतेची मोजणी सुरू झाली.

हा आकडाही शुद्ध नसतो. शेजारचा लिहायला लागला की आपणही लिहायचे, असे होतेच. त्यामुळे त्याचा आवडीच्या गुणांशी सहसंबंध माफक आला तरी घाबरू नका. एक कागदावरचे सांगणे आहे, दुसरी प्रत्यक्ष कृती. आवडीशी तो उपयोगापेक्षा अधिक जुळला, तर तुमच्या पैलूंची फोड योग्य असल्याचा तो एक पुरावा ठरतो, आणि तो सप्रमाणतेच्या भागात लिहायचा.

एवढे झाल्यावर कार्यात्मक व्याख्या लिहिता येते : ‘प्रस्तुत संशोधनात गणितातील अभिप्रेरणा म्हणजे इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याने संशोधकनिर्मित 12 विधानांच्या पंचबिंदू श्रेणीवर स्वक्षमता-विश्वास, आवड व उपयोग या तीन पैलूंत मिळवलेले स्वतंत्र सरासरी गुण (प्रत्येकी 1 ते 5), तसेच 15 मिनिटांच्या ऐच्छिक कार्यात हाती घेतलेल्या उदाहरणांची संख्या (0 ते 6).’ तिच्याखाली रिकाम्या उत्तरांचा नियमही माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा. पैलूतल्या चारपैकी एक उत्तर रिकामे असेल तर उरलेल्या तिघांची सरासरी, दोन किंवा अधिक रिकामी असतील तर त्या पैलूत तो विद्यार्थी वगळायचा. मग व्याख्या, नियम आणि दहा भरलेले कागद वर्गमैत्रिणीच्या हाती द्या. तिने काढलेले गुण तुमच्याशी दशांशापर्यंत जुळले नाहीत, तर ज्या ओळीपाशी फरक पडला ती ओळ पुन्हा लिहा.